मधल्या सुट्टीतला डोस: मधुमेह असलेलं मूल इन्सुलिन टाळतं आणि शाळाही, तेव्हा

टाइप १ मधुमेहाचं निदान झाल्यावर पहिलं वर्षभर बहुतेक घरांत सगळं शिस्तीत चालतं. वही ठेवली जाते, सुया वेळेवर लागतात, मूलही ऐकतं. अडचण बहुधा नंतर येते, मूल अकरा-बारा-तेरा वर्षांचं झालं की. सकाळी पोट दुखतं, डोकं दुखतं, 'आज नको ना शाळा'. वहीतले आकडे ठीक असतात, पण दर तीन महिन्यांनी होणाऱ्या एचबीए१सी चाचणीचा, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा, आकडा वाढत जातो. मग घरात संशय, ओरडा, रडारड, आणि महिन्यातले सहा-आठ दिवस शाळा बुडालेली.

इंदूरमध्ये अशा मुलांच्या घरच्यांशी बोलण्याचं काम मी करते. या वयाच्या मुलांत गुंता बऱ्याचदा एकाच जागी सापडतो: शाळेच्या मधल्या सुट्टीत घ्यायचा डोस. सकाळचा, दुपारच्या जेवणाचा आणि रात्रीचा डोस कोणाच्या तरी डोळ्यांसमोर होतो. हा एकच डोस मूल एकट्याने घेतं, तोही पंधरा मिनिटांत, चाळीस मुलांमध्ये. म्हणून हा लेख त्या एका डोसाबद्दल आहे. ज्यांच्या घरी ही वेळ पहिल्यांदाच आली आहे त्यांनी पायऱ्या क्रमाने घ्याव्यात. क्रम उलटला, म्हणजे आधी जाब विचारला आणि तपासणी नंतर केली, तर मूल आणखी लपवायला लागतं.

समजायला सोपं जावं म्हणून एक मुलगी डोळ्यांसमोर ठेवू. तिला मनू म्हणू. बारा वर्षांची, सातवीत, वजन ३८ किलो. तीन वर्षांपासून मधुमेह. रात्री दिवसभर पुरणारं इन्सुलिन १६ युनिट. जेवणाआधीचं झटपट इन्सुलिन वेगळ्या पेनमधून: सकाळी ५, मधल्या सुट्टीत ४, दुपारी ६, रात्री ६. शाळा साडेसात ते दीड, मधली सुट्टी साडेदहाला.

आधी हे पाहा: आजचा दिवस धोक्याचा आहे का?

मूल 'बरं वाटत नाही' म्हणालं की ते नाटक आहे की आजार, यावर सकाळी सात वाजता वाद घालू नका. दोन गोष्टी तपासा. बोटातून शुगर, आणि ती २५०च्या वर असेल तर लघवीतले कीटोन. कीटोनच्या पट्ट्या मेडिकलच्या दुकानात मिळतात. पट्टी लघवीत बुडवायची, डबीवर लिहिलेला वेळ थांबायचं आणि रंग ताडून पाहायचा.

कीटोन म्हणजे शरीराला इन्सुलिन कमी पडल्यामुळे ते चरबी जाळतं आहे याची खूण. पट्टीवर मध्यम किंवा जास्त कीटोन दिसले, सोबत उलट्या, पोटात दुखणं, खोल आणि जलद श्वास, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास किंवा गुंगी असेल, तर घरी थांबायचं नाही. डॉक्टरांना फोन करत निघायचं. वाहन नसेल तर १०८ लावायचा. इन्सुलिन सतत चुकत असलेल्या मुलात हे काही तासांत गंभीर होऊ शकतं.

आणि एक गोष्ट आजी-आजोबांसकट घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. मूल जेवलं नाही, उलट्या होत आहेत, तरी रात्रीचं १६ युनिटवालं इन्सुलिन बंद करायचं नाही. 'काही खाल्लंच नाही तर सुई कशाला' या विचाराने तो डोस राहतो आणि रात्री मूल दवाखान्यात पोहोचतं. डोस किती ठेवायचा हे डॉक्टरांना विचारायचं. पूर्ण बंद मात्र कधीच नाही.

दुसरी पायरी: डोस खरंच चुकतो आहे का?

शुगर वाढली म्हणजे मुलाने सुई टाळली, असं लगेच धरू नका. या वयात शरीर वाढतं, पाळी सुरू होण्याचा काळ असतो आणि इन्सुलिनची गरज तशीच वाढते. गेल्या वर्षीचा डोस यंदा पुरत नाही, यात मुलाचा दोष काहीच नसतो. शिवाय एकाच जागी वर्षानुवर्षं सुई टोचली की कातडीखाली मऊ गाठ येते. तिथे टोचलेलं दुखत नाही म्हणून मुलं मुद्दाम तीच जागा निवडतात, पण तिथून इन्सुलिन नीट रक्तात उतरत नाही. पोट आणि मांड्या बोटांनी हलके चाचपून पाहा, गाठ हाताला लागते. ज्यांच्याकडे पेन नाही, बाटली आणि सिरिंज आहे, त्यांनी बाटलीवर ४० लिहिलंय की १०० ते पाहावं आणि सिरिंजही त्याच आकड्याची आहे ना ते ताडावं. आपल्याकडे दोन्ही मिळतात. अदलाबदल झाली तर डोस अडीचपट चुकतो.

एप्रिल ते जूनमध्ये इंदूरचं ऊनही लक्षात घ्या. पारा चाळीशीच्या पुढे गेलेला असताना दप्तरात किंवा स्कूल बसमध्ये तापलेलं इन्सुलिन निकामी होतं. पाण्यात भिजवून थंड राहणारी पिशवी मिळते, ती घ्या. बर्फाला चिकटवून मात्र ठेवू नका, गोठलेलं इन्सुलिनही वाया जातं. उघडलेलं पेन सहसा २८ दिवसांनी बदलायचं, त्यात औषध उरलेलं असलं तरी.

हे सगळं पाहून झालं की साधा हिशेब करा. मनूच्या झटपट इन्सुलिनच्या पेनमध्ये ३०० युनिट असतात. दिवसाचे डोस ५, ४, ६, ६ मिळून २१. प्रत्येक वेळी सुई लावल्यावर २ युनिट हवेत सोडून पाहायचे असतात, ते चार वेळचे ८. एकूण २९. म्हणजे पेन साधारण दहा दिवसांत संपायला हवं. मनूचं पेन तेरा दिवस चाललं. मधल्या सुट्टीतले ४ आणि हवेत सोडायचे २ असे रोजचे ६ युनिट सोडले तर दिवसाला २३ लागतात, आणि ३०० युनिट बरोबर तेरा दिवस पुरतात. शाळेतला डोस जवळजवळ रोज चुकत होता, हे वही उघडण्याआधीच कळलं.

मग ग्लुकोमीटरची मेमरी. त्यात तारीख आणि वेळेसकट आकडे साठलेले असतात. मनूच्या वहीत साडेदहाच्या रकान्यात १४२, १३८, १४५ असे सुबक आकडे होते. मीटरमध्ये त्या वेळेची एकही नोंद नव्हती. शाळेतून आल्यावरचे आकडे मात्र ३१०, २८८, ३४० होते. तिचं एचबीए१सी ७.८ वरून ९.४ वर गेलं होतं. ९.४ म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर साधारण २२०. वहीची सरासरी दीडशेच्या आसपास येत होती. एवढी तफावत असेल तर वही खरं सांगत नाही. फक्त एक सावधगिरी: अंगात लोह कमी असेल तर एचबीए१सी आहे त्यापेक्षा जास्त दिसू शकतं. मुलींमध्ये हे बऱ्याचदा आढळतं, म्हणून हिमोग्लोबिनही तपासून घ्यावं.

हा हिशेब तुमच्या समजुतीसाठी आहे. तो मुलासमोर पुरावा म्हणून मांडायचा नाही. पकडलं गेलेलं मूल पुढच्या वेळी पेनमधलं इन्सुलिन बेसिनमध्ये सोडून देईल, आणि तुमच्या हातात हिशेबही राहणार नाही.

तिसरी पायरी: विचारायचं कसं

'डोस घेतलास का?' या प्रश्नाला मुलाकडे एकच सुरक्षित उत्तर असतं: हो. म्हणून तो प्रश्न काही दिवस बाजूला ठेवा. जेवणाच्या टेबलावर, सुईच्या वेळी किंवा आकडा पाहिल्या पाहिल्या बोलू नका. स्कूटरवरून क्लासला सोडताना, भाजी निवडताना, डोळ्याला डोळा न भिडणाऱ्या वेळी बोला.

मनूच्या आईने असं सुरू केलं:

"अगं, शाळेत डोस घेणं कठीण जातं बऱ्याच मुलांना. डॉक्टर मॅडमही म्हणत होत्या. तुझ्याकडे सगळ्यात कठीण काय होतं? जागा, वेळ, की मुलं बघतात ते?"

मनू आधी काहीच बोलली नाही. दोन दिवसांनी स्वतःहून म्हणाली, "आई, लो झाली होती ना तेव्हा सगळे बघत होते. मॅडमनी पूर्ण क्लाससमोर तोंड पुसलं माझं."

झालं होतं ते असं. जुलैमध्ये पीटीच्या तासाला तिची शुगर घसरली, हात थरथरले, ती खाली बसली आणि उलटी झाली. तेव्हापासून तिने ठरवलं होतं की शाळेत शुगर वरच ठेवायची. सुई घेतली नाही की शुगर खाली जात नाही, हे तिला बरोबर कळलं होतं. मोठ्यांना आळस वाटतो तिथे मुलाच्या डोक्यात भीती आणि तिच्यावर शोधलेला पक्का उपाय असतो. शुगर लो होण्याच्या या भीतीबद्दल प्रत्येक पालकाने विचारावंच, कारण मूल ती आपणहून क्वचितच सांगतं.

त्या उपायाची किंमतही मनू मोजत होती. तीनशेवर शुगर गेली की सतत तहान लागते, लघवीला जावं लागतं, लक्ष लागत नाही. मॅडम तासाला सोडत नाहीत. मग सकाळी उठल्यापासून शाळेची धास्ती आणि पोटात गोळा. ते पोटदुखणं खोटं नव्हतं. एक दिवस बुडाला की वह्या अपूर्ण राहतात, आणि दुसऱ्या दिवशी जायला आणखी भीती वाटते.

मुलाने खरं सांगितलं त्या क्षणी तुमचं उत्तर फार महत्त्वाचं आहे. 'मग इतके दिवस खोटं लिहीत होतीस?' हे वाक्य मनात आलं तरी गिळायचं. 'बरं झालं सांगितलंस. आता हे तू एकटीने नाही करायचं' एवढंच पुरे.

चौथी पायरी: जबाबदारी काही काळ परत घ्या

बारा वर्षांचं मूल सुई लावू शकतं. पण ती आठवणीने लावणं, डोस ठरवणं आणि मैत्रिणी खेळायला बोलावत असताना थांबून लावणं ही वेगळी कामं आहेत, आणि ती या वयात मुलावर एकट्यावर टाकायची नसतात. 'आता मोठी झालीस, तुझं तू बघ' असं म्हणून अनेक घरांत हे फार लवकर सोपवलं जातं. भलेपणानेच सोपवलं जातं, पण त्याचे परिणाम एचबीए१सीमध्ये दिसतात.

पुढचे सहा ते आठ आठवडे घरातला प्रत्येक डोस कोणीतरी मोठ्या माणसाने शेजारी उभं राहून होऊ द्यायचा. सुई मुलाने लावावी की तुम्ही, ते मुलाला ठरवू द्या. पेनवरचा आकडा दोघांनी पाहायचा. वही तुम्ही लिहायची, थेट मीटर पाहून. शिक्षा म्हणून हे सांगू नका. 'थोडे दिवस हे काम माझ्याकडे, तुला जरा आराम' असं सांगितलं तर बहुतेक मुलं हुश्श करतात.

पाचवी पायरी: डॉक्टरांकडे नेमका प्रश्न घेऊन जा

'ही ऐकत नाही, तुम्हीच समजवा' असं म्हणत गेलात तर भाषण मिळेल. त्याऐवजी शाळेचं वेळापत्रक सोबत न्या. मनूच्या वेळापत्रकात कोणाच्या लक्षात न आलेली गोष्ट होती: मंगळवारी आणि शुक्रवारी पीटीचा तास मधल्या सुट्टीनंतर लगेचच होता. झटपट इन्सुलिनचा जोर टोचल्यानंतर एक ते दोन तास सगळ्यात जास्त असतो. त्याच वेळात धावपळ झाली की स्नायू साखर ओढतात आणि शुगर पटकन घसरते. जुलैमधली ती लो अशी झाली होती. ती मनूच्या चुकीने नव्हती, वेळापत्रकामुळे होती.

डॉक्टरांनी त्या दोन दिवशी मधल्या सुट्टीतला डोस ४ चा २ केला, आणि पीटीला जाण्याआधी शुगर पाहून ती १२० पेक्षा कमी असेल तर एक केळं खाऊन मगच जायचं असं लिहून दिलं. हे आकडे मनूचे आहेत. तुमच्या मुलाचे तुमच्या डॉक्टरांकडूनच घ्या, स्वतः डोस कमी-जास्त करू नका.

मधल्या सुट्टीत सुई लागूच नये असाही पर्याय विचारता येतो. तेव्हाच्या डब्यात उकडलेलं अंडं, शेंगदाणे, पनीर असं पिष्ट अगदी कमी असलेलं काही दिलं तर काही मुलांना डॉक्टर तो डोस वगळू देतात. मनूला हे सांगितलं तर ती म्हणाली, सगळ्या जणी पोहे खातात, मलाही पोहेच हवेत. इंदूरच्या मुलीकडून दुसरं काय ऐकायला मिळणार! तिचं म्हणणं मानलं गेलं. डोस राहिला, पोहेही राहिले. दिवसातून दोनदाच घ्यायचं मिश्र इन्सुलिन हाही एक पर्याय असतो, पण त्यात जेवणाच्या वेळा आणि प्रमाण घट्ट पाळावं लागतं. शाळेची बस उशिरा आली की ते गणित बिघडतं.

सहावी पायरी: शाळेशी बोलणं

ही पायरी सगळ्यात जास्त टाळली जाते, कारण 'लोकांना कळेल' ही भीती असते. मुलीच्या लग्नाची चिंता बारा वर्षांच्या वयात करणारे नातेवाईकही भेटतात. पण शाळेला माहीत नसलेल्या मुलाला लो झाली तर मदत करणार कोण?

वर्गशिक्षिका, पीटीचे सर आणि मुख्याध्यापिका अशा तिघांना एकत्र भेटा. मुलाला सोबत न्या आणि काय काय सांगायचं ते आदल्या रात्री त्याला विचारून ठरवा. डॉक्टरांचं एक पानी पत्र हवं, हिंदीत किंवा इंग्रजीत, म्हणजे स्टाफ रूममध्ये कोणालाही वाचता येईल. शाळा कां-कू करत असेल तर हे सांगा: राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने २०२३ मध्ये सर्व राज्यांना लिहिलं आहे की टाइप १ मधुमेह असलेल्या मुलांना शाळेत शुगर तपासणं, इन्सुलिन घेणं आणि मधे खाणं करू द्यावं. सीबीएसईने तर २०१७ पासून बोर्डाच्या परीक्षेतही अशा मुलांना खाऊ आणि पाणी जवळ ठेवायची सवलत दिली आहे.

शाळेकडून मागायच्या गोष्टी मोजक्याच ठेवा. सुई लावायला स्वच्छ, आडोशाची जागा, आणि ती स्वच्छतागृह नसावी. मनूने लायब्ररीचा कोपरा निवडला. मधल्या सुट्टीच्या पाच मिनिटं आधी वर्गातून सुटण्याची परवानगी, म्हणजे मैत्रिणींबरोबरचा डबा बुडत नाही. लघवीला आणि पाण्याला न विचारता जाण्याची मुभा. आणि एक मोठं माणूस, जे त्या वेळी फक्त तिथे हजर असेल. शिक्षकांनी सुई टोचावी अशी अपेक्षा ठेवू नका, त्या मागणीने शाळा घाबरते. लायब्ररीच्या मॅडम मनूच्या पेनवरचा आकडा पाहतात आणि एका छोट्या वहीत टिक करतात. एवढ्यानेच काम होतं.

लो झाल्यावर काय करायचं ते शिक्षकांना कागदावर द्या. शुगर ७०च्या खाली, किंवा थरथर, घाम, चिडचिड, चक्कर ही लक्षणं असतील तर मनूच्या वजनाच्या मुलाला तीन सपाट चमचे ग्लुकोज पावडर किंवा साखर अर्ध्या ग्लास पाण्यातून द्यायची. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं, अजून कमी असेल तर पुन्हा तेवढंच. चॉकलेट किंवा लाडू देऊ नये, त्यातल्या चरबीमुळे साखर चढायला वेळ लागतो. मूल बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, कुशीवर वळवायचं आणि १०८ बोलवायची. मुलाला एकट्याने कुठेही पाठवायचं नाही, पाणी प्यायलाही नाही. आणि हे सगळं वर्गाच्या मध्यभागी नाही, बाजूला नेऊन. मनूची ही एक अट होती आणि ती कागदावर पहिल्या ओळीत लिहिली गेली.

घरी मराठी बोलणारी आपली मुलं शाळेत हिंदीत वावरतात. घाबरलेल्या क्षणी शब्द सुचत नाहीत, म्हणून एक वाक्य घरी मोठ्याने म्हणून घ्या: "मॅडम, मेरी शुगर लो हो रही है, मुझे अभी ग्लुकोज लेना है।" एका मैत्रिणीलाही हे माहीत असलं तर उत्तम, पण कोणती मैत्रीण ते मुलाने निवडावं.

सातवी पायरी: शाळेत परत जाणं

मूल दोन-तीन आठवडे घरी बसलं असेल तर 'पूर्ण बरी होऊन मग जाईल' याची वाट पाहू नका. जितकं लांबेल तितकं जड जातं. पण पहिल्याच दिवशी सहा तासांचीही अट नको. मनू पहिले तीन दिवस मधल्या सुट्टीपर्यंत थांबली, म्हणजे लायब्ररीतला डोस आणि मैत्रिणींबरोबर पोहे झाले की घरी. कठीण गोष्ट, तो डोस, रोज पार पडत होता. चौथ्या दिवसापासून पूर्ण वेळ. पीटीला पहिल्या आठवड्यात बाबा शाळेच्या आवारात बसून होते, तेही मनूच्या सांगण्यावरून, आणि दुसऱ्या आठवड्यात तिनेच त्यांना येऊ नका म्हटलं.

सकाळच्या वादासाठी एक नियम आधीच ठरवून भिंतीवर लावा, डॉक्टरांना दाखवून. मनूच्या घरी तो असा होता. ताप नाही, उलटी नाही, कीटोन नाहीत, तर शाळा. शुगर २६० असली तरी डॉक्टरांनी दिलेला वाढीव डोस घेऊन शाळा. कीटोन असतील, उलटी किंवा ताप असेल, तर घरी आणि डॉक्टरांना फोन. पोट नुसतंच दुखत असेल तर अर्धा तास झोपून उशिराने शाळा. यामुळे रोजचा निर्णय पट्टीवर सोपवला जातो, आईच्या आणि मुलीच्या रागावर राहत नाही. घरी राहिलेला दिवस खऱ्या विश्रांतीचा असावा: टीव्ही आणि मोबाईल शाळा सुटेपर्यंत बंद.

बुडालेल्या अभ्यासाचा ढीग एकदम उपसायला लावू नका. वर्गशिक्षिकेला विचारा की पुढचं समजायला मागचं काय काय लागणार आहे. बहुतेक वेळा ते गणितातले एक-दोन धडे आणि थोडं विज्ञान एवढंच निघतं. बाकीच्या वह्या पूर्ण करण्यातून लेखी सूट मागा, मिळते. दहावी-बारावीत मात्र हजेरीचा नियम कडक असतो. सीबीएसईमध्ये ७५ टक्के लागतात आणि आजारपणाची सूट कागदपत्रांवरच मिळते, म्हणून त्या वर्गांत बुडालेल्या प्रत्येक दिवसाचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र त्याच आठवड्यात घेऊन ठेवा.

घरातली भाषा

मीटरवर २९० दिसल्यावर घरातल्या पहिल्या माणसाच्या तोंडून जे निघतं, त्यावर मूल पुढच्या वेळी खरा आकडा दाखवेल की नाही ते ठरतं. 'काय खाल्लंस?' हा प्रश्न पहिला नको. 'जास्त आहे, चल, काय करायचं ते बघू' हे पुरतं. शुगर 'चांगली' आणि 'वाईट' नसते, ती जास्त किंवा कमी असते. खरा आकडा सांगितल्याबद्दल शाबासकी द्या, आकडा कितीही असो.

गणपतीत मोदक, रंगपंचमीला गेरच्या मिरवणुकीनंतरची जिलेबी, हे सगळं या मुलांना मोजून आणि त्याचा डोस घेऊन खाता येतं. 'तुला चालणार नाही हं' असं पाहुण्यांसमोर म्हणणारी आत्या किंवा काकू असेल तर तिला बाजूला घेऊन एकदा स्पष्ट सांगा. कारण समोर नाकारलेला मोदक नंतर चोरून खाल्ला जातो, आणि त्याचा डोस घेतला जात नाही.

कोणी काढा, भस्म, एखाद्या बाबाची पुडी सुचवेल आणि सुई बंद करायला सांगेल. टाइप १ मध्ये शरीर इन्सुलिन बनवतच नाही किंवा अगदी नावापुरतं बनवतं. इन्सुलिन बंद केलं तर मूल काही दिवसांत जिवाच्या धोक्यात येतं. इथे कोणाचाही मान राखायची गरज नाही.

वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत झाकण लावून साठवा आणि कचऱ्याच्या गाडीत घातक कचऱ्याच्या वेगळ्या कप्प्यात द्या, गाडीवरच्या माणसाला सांगून. त्यांचे हात वाचतात.

एवढ्याने भागत नसेल तर

एचबीए१सी मागच्या दोन-तीन महिन्यांचं सांगतं, म्हणून दोन आठवड्यांत ते उतरेल अशी आशा ठेवू नका. त्याआधी पेनचा हिशेब आणि दुपारचे आकडे बघा. मनूचं पेन आता दहा-अकरा दिवसांत संपतं, आणि शाळेतून आल्यावरची शुगर बहुतेक दिवस दोनशेच्या आत असते. तीन महिन्यांनी एचबीए१सी ८.३ आलं. डॉक्टरांचं उद्दिष्ट सातच्या आसपास आहे, अजून वाट बाकी आहे.

पण काही खुणा दिसल्या तर या पायऱ्यांवर थांबू नका. मूल आवडत्या गोष्टींतूनही मन काढून घेतं, झोप आणि भूक बिघडते, 'मी नसते तर बरं झालं असतं' असं बोलतं. किंवा वजन उतरतंय, आरशासमोर बराच वेळ जातो आणि इन्सुलिन नेमकं जेवणाच्या वेळी टाळलं जातं. इन्सुलिन सोडलं की वजन घटतं हे काही मुलींना कळलेलं असतं, आणि ती सवय फार घातक आहे. अशा वेळी इन्सुलिनची पेनं मोठ्यांच्या ताब्यात ठेवा, कारण जास्तीचा डोसही जीव घेऊ शकतो, आणि डॉक्टरांकडून बालमानसतज्ज्ञांकडे चिठ्ठी घ्या. टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, तिथे पालकही बोलू शकतात. १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक मुलाला पाठ करून द्या.

एप्रिलमध्ये नवीन सत्र सुरू झालं की वर्गशिक्षिका बदलते, पीटीचे तास बदलतात, कधी कधी मधल्या सुट्टीची वेळही. नवीन वेळापत्रक हातात आलं की त्याच आठवड्यात ते डॉक्टरांना दाखवून डोस आणि पत्र नव्याने घ्या, आणि नव्या मॅडमना भेटायला मुलालाही सोबत न्या.